बिलावरून भावपत्रक : ठरल्या तारखेला, थोडी थोडी वाढ

नागपुरात मोमिनपुरा, टिमकी, ताजबाग या बाजूला किंवा जवळच कामठीला बेकरीचा धंदा करणारी अनेक घरे आहेत. पाव, टोस्ट, खारी, नानखटाई हा माल भट्टीतून निघतो. त्यातला काही काउंटरवर विकला जातो आणि काही सकाळी सायकल किंवा मोपेडवरून चहाच्या टपऱ्यांवर पोचतो. या धंद्यात एक सवय सर्रास दिसते. भावपत्रक एकदा छापले की वर्ष-दीड वर्ष त्याला कोणी हात लावत नाही. मैदा चढतो, डालडा चढतो, सिलिंडर चढतो, तरी मालक "गिऱ्हाईक तुटेल" म्हणून थांबतो. अखेर हात अगदीच आखडला की एका सकाळी सगळ्या मालावर दहा-पंधरा टक्के चढवून मोकळा होतो, आणि ज्या गिऱ्हाइकाच्या भीतीने इतके दिवस थांबला होता तेच त्या दिवशी खरोखर तुटते.

सरकारलाही हा अनुभव आलेला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये डिझेलचा भाव लिटरमागे एकदम ५ रुपयांनी वाढवला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. २० सप्टेंबरला बंद पाळला गेला आणि तृणमूल काँग्रेसने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. त्यानंतर जानेवारी २०१३ पासून तेल कंपन्यांना दरमहा लिटरमागे सुमारे ५० पैसे वाढवण्याची मुभा मिळाली. दीड वर्षाहून अधिक काळ ही वाढ महिन्यामागून महिना होत राहिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. एकूण वाढ पहिल्या ५ रुपयांपेक्षा कमी नव्हती, पण तिच्यावरून तसा बंद झाला नाही. मालवाहतूकदाराला दर महिन्याला थोडे वाढणार हे ठाऊक होते आणि तो आपले भाडे त्याप्रमाणे बसवत होता.

बेकरीवाल्याला हे कसे करता येईल ते एका जिनसेवर पाहू. नानखटाई घेऊ, कारण तिचा हिशेब सर्वांत सोपा आणि तिला महागाईचा फटका सर्वांत जास्त. खालचे भाव हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपापल्या बिलातले भाव त्या जागी घालावेत.

एका घाण्याचा हिशेब

एका घाण्याला १० किलो मैदा, ६ किलो पिठीसाखर आणि ६ किलो वनस्पती तूप लागते असे समजा. भट्टीत ओल उडते, काही तुकडे मोडतात, आणि विकण्याजोगा माल साधारण २० किलो हाती येतो. मैदा ३६ रुपये किलो पडला तर ३६० रुपये, साखर ४२ रुपयांनी २५२ आणि वनस्पती १२० रुपयांनी ७२०. वेलची, सोडा वगैरे ४८ रुपये धरले तर सामान १,३८० रुपयांचे झाले. भट्टीचा जळणखर्च, कारागिराची मजुरी, कागद-खोके आणि भाड्याचा वाटा मिळून ६२० रुपये धरू. म्हणजे घाणा २,००० रुपयांना पडला आणि किलोची पडतळ १०० रुपये आली. टपरीवाल्याला हा माल १३० रुपये किलोने जातो आणि काउंटरवर १६० रुपयांनी विकला जातो.

हा हिशेब वहीच्या एका पानावर कायमचा लिहून ठेवायचा. बदलतात ते भाव. वजने बदलत नाहीत, आणि बदललीच तर कारागिराला विचारून नव्याने लिहायची. प्रत्येक जिनसेला असे एक पान हवे. बहुतेक बेकऱ्यांत हे पान फक्त कारागिराच्या डोक्यात असते. तसे असेल तर भाव किती वाढवायचा हे मालकाला कधीच नेमके कळत नाही, तो शेजारच्या बेकरीचे भाव पाहून अंदाज करतो.

वहीचे दुसरे पान बिलांचे. इतवारीतल्या किराणा ओळीतून किंवा जिथून माल येतो तिथून बिल आले की त्या दिवशीच पाच गोष्टी उतरवायच्या : तारीख, माल, निव्वळ वजन, एकूण दिलेली रक्कम आणि त्या दोहोंवरून निघणारा किलोचा भाव. एकूण दिलेली रक्कम म्हणजे हमाली आणि ऑटोचे भाडे धरून. मैद्याच्या ५० किलोच्या कट्ट्याचे बिल १,७६० रुपये असेल आणि हमाली-भाडे ४० रुपये झाले असेल, तर मैदा ३६ रुपयांना पडला. बिलावर जीएसटी असेल आणि आपण तो भरण्यातून वजा घेत असाल तर तो धरू नका. कंपोझिशन योजनेत असाल तर तो परत मिळत नाही, म्हणून तो खर्चात धरा.

किलोचा भाव काढण्याचा आग्रह अशासाठी की बिलाचा आकडा फसवतो. वनस्पतीचा १५ किलोचा डबा १,८०० रुपयांना येत होता आणि पुढच्या खेपेला व्यापाऱ्याने १,७६० रुपयांचा डबा पाठवला, तर माल स्वस्त झाला असे वाटते. डब्यावर वाचून पाहावे. त्यावर १५ लिटर छापलेले असेल तर आत साडेतेरा किलोच्या आसपास माल असतो, आणि भाव १२० वरून सुमारे १३० रुपये किलो झालेला असतो. "दहा डब्यांवर एक फुकट" ही योजना उलट्या बाजूने फसवते. त्या वेळी भाव अकरा डब्यांवर काढायचा, पण योजना संपल्यावर तो पुन्हा चढणार हे शेजारी लिहून ठेवायचे.

तारीख कोणती धरावी

माझ्या मते बेकरीसाठी इंग्रजी महिन्याची ५ तारीख सोयीची आहे. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरचा भाव तेल कंपन्या साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. ५ तारखेपर्यंत नव्या भावाचे निदान एक बिल हाती आलेले असते. लाकडाची भट्टी असेल तर लाकडाची पावती वापरावी. त्या दिवशी मुख्य मालाचे, म्हणजे मैदा, साखर, वनस्पती आणि जळण यांचे शेवटचे बिल आणि मागच्या ५ तारखेला धरलेला भाव शेजारी शेजारी मांडायचा. वेलची, मीठ, सोडा यांच्याकडे सहा महिन्यांतून एकदा पाहिले तरी चालते. नानखटाईच्या सामानात निम्म्याहून अधिक पैसा एकट्या वनस्पतीचा आहे. तिथे लक्ष असले की बरेच साधते.

आता समजा, वनस्पती १२० वरून १२५ रुपये झाली. घाण्याला ६ किलो लागते, म्हणून घाणा ३० रुपयांनी वाढला. माल २० किलो निघतो, म्हणून किलोमागे दीड रुपया वाढला. फरक गुणिले घाण्यातले किलो, भागिले निघालेला माल, इतकेच गणित आहे. चारही मालांचे असे फरक काढून बेरीज केली की त्या महिन्याची वाढ मिळते.

ही वाढ बेकरीवाल्याच्या हातात नसते, तिची मुळे फार दूर असतात. वनस्पती मुख्यतः पामतेलापासून बनते आणि पामतेल बाहेरून येते. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली आणि २३ मे रोजी पुन्हा उघडली. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. अशा प्रत्येक बातमीनंतर बाजारात अफवा उठतात. आपण अफवेवर भाव बदलू नये. आपल्या नावाने बिल आले की तो भाव खरा. बातमी ऐकून भाव चढवणारा आणि बिल येऊनही न चढवणारा, दोघांचाही हिशेब चुकतो.

थांबण्याची किंमत

वनस्पती दर महिन्याच्या सुरुवातीला ५ रुपयांनी, अशी सहा महिने चढत गेली असे धरू. १२० ची १५० होते. नानखटाईची पडतळ दरमहा दीड रुपयाने वाढून सहाव्या महिन्यात १०९ रुपये होते. टपऱ्यांना महिन्याला ५०० किलो माल जातो असे समजा. पूर्वी किलोमागे ३० रुपये सुटत होते, म्हणजे सहा महिन्यांत ९० हजार रुपये सुटायला हवेत.

मालकाने सहाही महिने भाव तसाच ठेवला तर पहिल्या महिन्यात किलोमागे दीड रुपया कमी सुटतो, दुसऱ्यात तीन, असे करत सहाव्यात नऊ. सगळे मिळून १५,७५० रुपये जातात. शिवाय शेवटी १३० वरून १३९ असा नऊ रुपयांचा उडीचा भाव सांगावा लागतो.

दुसऱ्याने महिना संपला की बिले पाहिली आणि पुढच्या महिन्यापासून भाव बदलला. पैशांत भाव सांगता येत नाही म्हणून त्याने दीड रुपयातला एक रुपया चढवला आणि अर्धा रुपया वहीत "बाकी" म्हणून ठेवला. पुढच्या खेपेला दीड आणि बाकीचा अर्धा मिळून दोन रुपये चढवले. अशा रीतीने सहा हिशेबांत १, २, १, २, १, २ असे नऊ रुपयेच चढले. तो नेहमी एक महिना मागे राहिला, म्हणून त्याचेही नुकसान झाले, पण ते ५,२५० रुपयांचे. दोघांनी गिऱ्हाइकाकडून शेवटी सारखाच भाव घेतला, तरी पहिल्याच्या गल्ल्यात साडेदहा हजार रुपये कमी आले.

टपरीवाल्याच्या बाजूनेही पाहायला हवे. तो नानखटाई नग मोजून विकतो. किलोत ४० नग बसत असतील आणि तो ५ रुपयांना एक विकत असेल, तर त्याला २०० रुपये मिळतात आणि त्यातले ७० रुपये सुटतात. आपण एक-दोन रुपये वाढवले तर त्याचे ६८-६९ राहतात. तो कुरकुर करतो, पण बेकरी बदलण्याची तसदी घेत नाही. एका दिवसात नऊ रुपये गेले तर तो त्याच सकाळी दुसऱ्याला विचारतो. मात्र छोट्या वाढीलाही हद्द आहे. टपरीवाल्याचा पाच रुपयांचा नग सहज सहाचा होत नाही. आपल्या छोट्या वाढी जमत जमत त्याच्या ७० रुपयांतले पंधरा-वीस खाऊन गेल्या की तोही अडतो. म्हणून त्याला काय सुटते याचा आकडा आपल्या वहीत असावा. त्या टप्प्यावर नग थोडा लहान करून किलोत ४० ऐवजी ४४ बसवणे हा मार्ग असतो. पण तो त्याला सांगून करावा. गुपचूप लहान केलेला नग आठवड्याभरात ओळखला जातो.

काउंटरचा भाव आणि सुट्टे पैसे

काउंटरवर लोक पाव किलो मागतात. १६० रुपये किलोला पाव किलोचे ४० रुपये होतात. दीड रुपया किलोमागे चढवला तर पाव किलोला साडेसदतीस पैसे आले. ते कोण देणार? म्हणून काउंटरवर किलोमागे ४ रुपये, म्हणजे पाव किलोला १ रुपया, यापेक्षा लहान पाऊल टाकता येत नाही. हिशेब दर महिन्याला करायचा, पण बाकी ४ रुपयांवर गेली की मगच पाटी बदलायची. वरच्या उदाहरणात तिसऱ्या हिशेबाला बाकी साडेचार होते. त्यातले ४ चढवले, अर्धा रुपया पुढे नेला. पुढच्या दोन हिशेबांत काही नाही, सहाव्याला बाकी ५ होते आणि पुन्हा ४ चढवले. सहा महिन्यांत गिऱ्हाइकाला पाव किलोमागे एक-एक रुपयाची वाढ दोनदा दिसली.

पाकिटबंद मालाची गोष्ट वेगळी. पाकिटावर एकदा कमाल किरकोळ किंमत छापली की त्यावर जास्त भावाची चिठ्ठी चिकटवता येत नाही. वाढ पुढच्या भरणीपासूनच. म्हणून महिन्या-महिन्याला भाव पाहणाऱ्याने वर्षभराची छापील पाकिटे एकदम करून घेऊ नयेत. कोरी पाकिटे घेऊन भरताना शिक्का मारावा.

सगळ्यावर सारखी वाढ नको

दहा टक्के सरसकट वाढवण्यात सर्वांत मोठी चूक आहे ती ही की प्रत्येक जिनसेला महागाई वेगवेगळी लागते. वनस्पती ३० रुपयांनी चढली की नानखटाई किलोमागे ९ रुपयांनी महागते, हे आपण पाहिले. टोस्टच्या घाण्याला १० किलो मैद्यात अर्धा किलोच वनस्पती जात असेल आणि ९ किलो टोस्ट निघत असेल, तर त्याची वाढ १ रुपया ६७ पैसे. पावात तर १० किलो मैद्याला पाव किलोच्या आतच वनस्पती पडते. त्यातून तीनशेच्या आसपास पाव निघतात आणि एका पावामागे दोन-तीन पैसे येतात. पावाचा भाव त्या कारणाने वाढवायची गरज नाही. रोजचे गिऱ्हाईक पावाचा भाव तोंडपाठ ठेवते. तो उगाच चढवला तर बदनामी सगळ्या दुकानाची होते. मैदा चढला की मात्र गणित उलटते, तेव्हा पाव आणि टोस्ट आधी पाहावे लागतात आणि नानखटाई थांबू शकते. कोणता माल वाढवायचा हे बिलच सांगते, आणि असे केले की एका वेळी पाटीवरचे एक-दोनच आकडे बदलतात.

बिल उतरले तर भावही उतरावा. किलोमागे बाकी उणे चारवर गेली की पाव किलोला रुपया कमी करून पाटीवर तसे लिहावे. काही मालक हे करत नाहीत. त्यांची पुढची वाढ कोणी मुकाट्याने मानत नाही.

कुठे बिघडते

अंड्यांचा भाव रोज बदलतो. केक करणाऱ्याने अंड्यांसाठी शेवटचे बिल धरू नये, महिन्याच्या सगळ्या बिलांची सरासरी धरावी. नाहीतर एका थंड आठवड्याच्या भावाने महिनाभराची पाटी चढते.

उधारीचे बिलही तपासून घ्यावे. आपले देणे दोन महिने थकले की व्यापारी पुढच्या बिलात डब्यामागे वीस-तीस रुपये चढवतो आणि ते भाववाढ म्हणून दिसते. बाजारात रोख भाव विचारून पाहावा. फरक असेल तर तो आपल्या उधारीचे व्याज आहे. तो गिऱ्हाइकावर टाकला तर रोखीने माल घेणारा शेजारी आपल्यापेक्षा स्वस्त विकेल.

मजुरी वर्षातून एकदाच वाढते, पण कधी वाढणार हे आधी ठाऊक असते. तिच्यामुळे किलोमागे ३ रुपये वाढणार असतील तर आधीच्या तीन महिन्यांत एक-एक रुपया चढवावा.

आणि एक पडताळा. तीन महिन्यांनी सुरुवातीचा शिल्लक माल, त्यात आलेली बिले मिळवून, अखेरचा शिल्लक माल वजा करावा. जे उरले ते खरोखर वापरलेले सामान. ते त्याच काळातल्या विक्रीशी ताडून पाहावे. १०० रुपयांच्या विक्रीमागे पूर्वी ५० रुपयांचे सामान लागत असेल आणि भाव वेळच्या वेळी बदलूनही ते ५४-५५ वर गेले असेल, तर दोष पाटीत नाही. माल करपतो आहे, तराजू जास्त तोलतो आहे किंवा डबे मागच्या दाराने जात आहेत. अशा वेळी भाव आणखी चढवणे म्हणजे गिऱ्हाइकाकडून चोरीची भरपाई मागणे होय.

सणाच्या तोंडावर पाटी बदलू नये. दिवाळीचा महिना ठरलेला आहे, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर पाहून कोणती ५ तारीख रमजानच्या अखेरच्या दिवसांत पडते ते पाहावे. त्या महिन्याचा हिशेब रमजान लागण्यापूर्वी उरकावा. आगाऊ रक्कम घेऊन नोंदवलेली लग्नाची किंवा सणाची ऑर्डर जुन्याच भावाने द्यावी. नवा भाव त्या दिवसानंतरच्या नोंदणीला.

याच दिवसांत अनेक घरांतून मैदा, साखर, तूप घेऊन बायका नानखटाई भाजून घ्यायला येतात आणि बेकरीवाला किलोवर भाजणावळ घेतो. तिथे वनस्पतीच्या भावाचा संबंध नाही. त्या दरासाठी सिलिंडरचे बिल आणि कारागिराची मजुरी, एवढी दोनच पाने उघडावी लागतात.